भिवंडीची खेप ९,००० ला परवडते का?

समीर, चाकण: माझी १४ फुटी आयशर आहे, सहा टायरची. चाकण ते भिवंडी जाऊन-येऊन २८० किमी, पार्टी खेपेला ९,००० देते, टोल आपलाच. महिन्याला ५,००० किमी धरून हप्ता, ड्रायव्हर, डिझेल, टोल, टायर सगळं भागलं तर किमीला ३० पडतात. म्हणजे खेपेमागे सहाशे सुटायला हवेत, पण महिनाअखेर हातात काहीच राहत नाही. किमीचा भाव किती धरायचा?

गोडाऊनवाला: बाजार ठरवेल तोच भाव. तुम्ही ३२ मागाल, शेजारचा २९ ला भरून जाईल.

वंदना हिशेब: समीरदादा, ५,००० तुम्ही धरलेत. मीटर किती दाखवतं?

समीर, चाकण: गेल्या महिन्यात ३,७०० च्या आसपास.

वंदना हिशेब: मग गोम तिथेच आहे. मी भावाच्या तीन गाड्यांचा हिशेब बघते. किमीचा एकच आकडा काढणं मला पटत नाही. चाक फिरल्यावरच होणारा खर्च वेगळा ठेवा. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज ८ धरलं तर किमीला सव्वाअकरा. सहा टायरचे ६०,००० आणि ते ५०,००० किमी चालले तर सव्वा रुपया. ऑइल, सर्व्हिस, ॲडब्ल्यूचे सव्वा. झाले पावणेचौदा, म्हणजे २८० किमीचे ३,८५०.

गाडी उभी असली तरी चालू राहणारा खर्च दिवसावर घ्या. हप्ता २८,०००, ड्रायव्हरचा पगार २०,०००, विमा, टॅक्स, पासिंग, पार्किंग मिळून ८,०००. एकूण ५६,०००. कामाचे २५ दिवस धरले तर दिवसाला २,२४०.

आता खेप बघा. ३,८५० अधिक टोल १,००० अधिक भत्ता ४०० अधिक एक दिवस २,२४०, एकूण ७,४९०. सकाळी भरून रात्री परत आलात तर दीड हजार सुटतात. गोडाऊनने माल दुसऱ्या दिवशी उतरवला तर त्या दिवसाचे २,२४० आणि भत्ता ४०० असे आणखी २,६४० चढतात आणि तीच खेप अकराशेच्या वर तोट्यात जाते. किलोमीटर तेवढेच राहतात, म्हणून तुमच्या ३० रुपयांत हे दिसत नाही.

गोडाऊनवाला: हप्ता तर गाडी उभी असली तरी जातोच की. मग डिझेल-टोल सुटून वर जे मिळेल ते कमाईच.

वंदना हिशेब: दिवाळीनंतर माल नसतो तेव्हा हे बरोबर आहे. पाच-साडेपाच हजारांच्या वर जे मिळेल ते घ्यावं. पण त्या दिवशी दुसरी खेप मिळणार असेल तर तो दिवस फुकटचा नसतो. आणि वर्षभर असंच भरलंत तर हप्ता खिशातून जाईल.

मार्केट यार्ड छोटा हत्ती: माझं तर याहून अवघड. गुलटेकडीहून हडपसरला भाजी टाकतो, दिवसाला तीसेक किमी. किमीने काढलं तर पन्नासच्या वर जातं आणि गिऱ्हाईक हसतं. मी फेरीवरच घेतो. सीएनजी करू का?

वंदना हिशेब: दादा, एवढ्या कमी पळण्यात गॅसने फार वाचणार नाही. तुमचा खर्च यार्डातल्या थांबण्यात आहे. फेरीचा भावच बरोबर.

भोसरीचा नाना: समीर, परतीचा माल बघतोस का? मोकळा का येतोस?

समीर, चाकण: नाना, भिवंडीत दलाल ३,५०० ला देतो, पण एक दिवस थांबावं लागतं.

भोसरीचा नाना: मग नको. थांबण्याचे २,६४० गेले. शिवाय जाताना तू घाट उतरतोस, येताना भरलेली गाडी बोरघाट चढणार. मोकळी ९ देते, भरलेली चढाला ६ वर येते. १४० किमीत आठ लिटर जास्त, म्हणजे सातशे. उरले दीडशे, त्यात दलाली आणि हमाली. त्याच दिवशी माल मिळाला तरच घे. मागच्या टायरची झीज मी धरलेलीच नाही. रिमोल्डवर घाटात जास्त भार टाकू नकोस.

समीर, चाकण: पण थांबण्याचे पैसे मागायचे कुणाकडे? ट्रान्सपोर्टवाला म्हणतो पार्टी देत नाही, पार्टी म्हणते ट्रान्सपोर्टला विचार.

वंदना हिशेब: भरण्याआधी व्हॉट्सॲपवर ठरवून घ्या: पोहोचल्यापासून इतके तास फुकट, पुढे दिवसाला २,६४०. गेटवर आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ बिल्टीवर लिहून शिक्का घ्या. शिक्का नसेल तर कुणी मानत नाही.

गोडाऊनवाला: गेटवरचा शिपाई शिक्का देत नाही, ताई. मी स्वतः माल उतरवून घेतो, म्हणून सांगतो. वेळ लिहिली की आमच्या मॅनेजरवर येतं. जो वाद घालेल त्याला पुढची गाडी लागत नाही.

भोसरीचा नाना: गेटपाशी पोहोचल्यावर फोटो काढून ट्रान्सपोर्टवाल्याला तिथल्या तिथे पाठव. तिसऱ्या वेळेलाही थांबवलं तर त्या गोडाऊनचा भाव १०,५०० सांग.

समीर, चाकण: १०,५०० म्हटलं तर तो दुसरी गाडी लावेल, नाना.

भोसरीचा नाना: लावू दे. त्या दिवशी तळेगाव-रांजणगाव कर, भाडं कमी, पण संध्याकाळी गाडी घरी.