अप्रेझलच्या आधी सांगू की नंतर?

अधलीमधली: प्रेग्नन्सीचा अकरावा आठवडा चालू आहे, ऑफिसात अजून कोणालाच माहीत नाही. तीन आठवड्यांनी अप्रेझल आहे आणि त्यानंतर लगेच एक नवीन प्रोजेक्ट सुरू होतोय, त्याची लीड तूच असशील असं मॅनेजर दोनदा तोंडी बोललेत. आत्ता सांगितलं तर लीड जाईल, नंतर सांगितलं तर लपवलं म्हणतील. आमच्याकडची एक जण रजेवरून परत आली तेव्हा तिची खुर्ची होती, काम नव्हतं. तुम्ही काय केलं असतं?

बेधडक: अजिबात सांगू नकोस. रेटिंगवर सही होऊन पगारवाढीचं पत्र हातात पडेपर्यंत तोंड शिवून बस. आणि घाबरतेस कशाला, कायदा तुझ्या बाजूने आहे, प्रेग्नंट बाईला कोणी हात लावू शकत नाही.

निवांत: अभिनंदन! माझं मत विचाराल तर नोकरी सोडायचीच असेल तर आत्ताच सोडा, शेवटच्या महिन्यात सोडली की नोटीस पिरियडचे वांधे होतात.

अधलीमधली: अहो सोडायची नाहीये, तेच तर चाललंय 😅

सव्वानऊ: मी दुसऱ्या बाजूचा माणूस, नऊ जणांची टीम सांभाळतो. बेधडकचं ऐकू नका. माझ्याकडे एकीने पाचवा महिना संपल्यावर सांगितलं, तोपर्यंत मी तिला आठ महिन्यांच्या कामावर लावलं होतं आणि क्लायंटला तिचं नावही दिलं होतं, मग सगळं उलटंपालटं करताना तिच्याबद्दल जे वाईट बोललं गेलं ते आधी सांगितलं असतं तर बोललं गेलं नसतं. मी तिला बाजूला केलं नाही, पण पुढच्या वेळी कोणाचं नाव द्यायचं म्हटलं की मन जरा मागे येतं, हे खोटं कशाला बोलू. लवकर सांगा, प्लॅनिंगला वेळ द्या, चांगला मॅनेजर असेल तर सांभाळून घेतो.

बेधडक: आणि चांगला नसेल तर? "मन जरा मागे येतं" म्हणणाऱ्यालाच लवकर सांगायचं का?

जुनी_फाईल: मी चौदा वर्षं एचआरमध्ये होते आणि अशा तक्रारींच्या फायली माझ्याच टेबलावर यायच्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यात दोन गोष्टी एकात गुंतल्यात. रेटिंग हे झालेल्या कामाचं असतं आणि लीड पुढच्या कामाची. रेटिंगपुरतं बेधडकचं म्हणणं मला पटतं, गेल्या वर्षीच्या कामाचा आणि पोटातल्या बाळाचा संबंध नाही, तीन आठवडे थांबलीस तर कोणाचं काही बिघडत नाही. पण "कोणी हात लावू शकत नाही" हे अर्धंच खरं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षणाचा करार आहे, त्यात नोकरीवरून काढण्यापासून संरक्षण आहे आणि परत आल्यावर तीच जागा किंवा तेवढ्याच पगाराची त्या तोडीची जागा मिळण्याचा हक्क आहे. सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही, तुझ्या देशाचा कायदा वेगळा बघावा लागेल. खरी गोम त्या "त्या तोडीची" मध्ये असते. पद तेच, पगार तोच, बसायची जागा तीच, आणि काम म्हणजे कोणीतरी बनवलेल्या रिपोर्टवर नजर फिरवणं. असं झालं तर कागदावर काहीच मोडलेलं नसतं.

दुसरं, गप्प राहण्याची पण किंमत असते. उद्या लीड काढून घेतली आणि तू भांडायला गेलीस की पहिला प्रश्न येतो, आम्हाला माहीतच नव्हतं तर त्या कारणाने कसं काढू? आणि माहीत झाल्यावर काढली तरी दुसरं उत्तर तयार असतं, लीड तुझी ठरलीच कुठे होती? माझ्याकडच्या बऱ्याच तक्रारी इथेच पडल्या, बाई खरी बोलत होती पण तारीख लागलेला एकही कागद नव्हता.

म्हणून क्रम असा लाव. ह्याच आठवड्यात मॅनेजरना साधा मेल टाक, "आपलं दोनदा बोलणं झालं त्याप्रमाणे नव्या प्रोजेक्टच्या लीडची तयारी सुरू करते, पहिल्या महिन्याचा प्लॅन जोडला आहे." उत्तर आलं की लीड कागदावर आली. मग अप्रेझल होऊ दे. त्याच आठवड्यात, लांबवू नकोस, मॅनेजरना समोर बसून सांग आणि संध्याकाळी दोन ओळींचा मेल कर की आज असं सांगितलं, अंदाजे ह्या तारखेपासून रजा, लीड मला करायची आहे आणि मधल्या काळाचा प्लॅन मी देते. त्याआधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे मग कोणालाही दिसतं.

एक अपवाद. काम केमिकलचं, रेडिएशनचं, जड उचलण्याचं किंवा रात्रपाळीचं असेल तर हे सगळं सोड आणि आजच सांग.

अधलीमधली: काम टेबलावरचंच आहे. पण आधी मेलने पक्कं करून घ्यायचं आणि मग सांगायचं, ही जरा चलाखी नाही वाटत?

सव्वानऊ: मला तरी वाटते. असा मेल मला आला असता आणि तीन आठवड्यांनी ही बातमी, तर मी दोन आणि दोन चार केलेच असते.

जुनी_फाईल: करा की. तुम्ही तोंडी दिलेला शब्द तिने लिहून मागितला, ह्यात तिने तुम्हाला काय फसवलं? शब्द खरा असेल तर लिहायला अडचण नको.

परत_आलेली: माझं सांगते. मी तेराव्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं, मॅनेजर इतके छान बोलले की घरी येऊन मी रडले. मग सुरू झालं, "तुला त्रास नको". प्रवास आहे, तुला त्रास नको. उशिराचा कॉल आहे, तुला त्रास नको. मला एकदाही कोणी विचारलं नाही की त्रास होतोय का! मला कळलं कशावरून तर मेलवरून, आधी क्लायंटचे मेल मला यायचे आणि सहकारी सीसीत असायचा, मग तो वर गेला आणि मी सीसीत, मग एक दिवस मी सीसीतही नव्हते. तेव्हा सातवा महिना होता, रजा सुरूच व्हायची होती.

परत आले तर "क्लायंट आता त्याच्याशी सेट झालाय, आत्ता बदलायला नको". आणि वर्षाचं टार्गेट होतं ४० खात्यांचं, मी सात महिने हजर होते, २६ केली, फॉर्मवर आलं ६५ टक्के, अपेक्षेपेक्षा कमी.

जुनी_फाईल: हा हिशोबच चुकलाय. सात महिन्यांचं टार्गेट ४० भागिले बारा, गुणिले सात, म्हणजे साधारण २३. तुम्ही २६ केली, म्हणजे १११ टक्के. अपेक्षेपेक्षा जास्त! बऱ्याचदा ह्यामागे कोणाचा डाव नसतो, फॉर्मच बारा महिन्यांचा असतो आणि सिस्टिममध्ये कोणी टार्गेट बदलत नाही. म्हणून रजेवर जायच्या आधी लिहून घ्यायचं की टार्गेट हजर महिन्यांच्या प्रमाणात धरणार. नंतर मागितलं की ती तक्रार होते, आधी मागितलं की नुसता प्लॅनिंगचा मुद्दा.

परत_आलेली: हे कोणी चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर...

बॅकअपवाला: सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो, शिव्या घाला हवं तर. मी तो "सहकारी" आहे, म्हणजे ह्यांचा नाही, दुसऱ्या ऑफिसातला. सहा महिने माझं काम करून वरून तिचं पण काम केलं, पगार तोच, पद तेच. क्लायंटच्या रात्रीअपरात्रीच्या कटकटी मी झेलल्या आणि ती आली त्या दिवशी सांगितलं की आता तिचं तिला दे. मी दिलं नाही, म्हणजे सरळ नाही म्हटलं नाही पण फाईली हळूहळू दिल्या. वाईट वागलो, मान्य. पण मलाही कोणी विचारलं नव्हतं.

परत_आलेली: माझ्या जागी तुम्ही असता तर कळलं असतं एवढंच म्हणते.

जुनी_फाईल: नाही, त्यांचं म्हणणं पूर्ण उडवून लावू नका. खुर्ची जाते ती बहुतेक वेळा इथेच जाते. कव्हर करणाऱ्याला नाव, भत्ता आणि शेवटची तारीख दिली नाही की त्याच्याकडे त्या कामाशिवाय दाखवायला काहीच उरत नाही, मग तो ते धरूनच ठेवणार. "प्रभारी, अमुक तारखेपर्यंत" असं पहिल्या दिवशी टीमला आणि क्लायंटला मेलने कळवलं तर दोघांची अब्रू राहते. आणि हँडओव्हरच्या फाईलमध्ये कामाचे सरळ दोन ढीग कर, अधलीमधली. जे कायमचं देतेयस ते वेगळं, जे फक्त सांभाळायला देतेयस ते वेगळं, दुसऱ्यासमोर परतीची तारीख. सगळं एकाच यादीत टाकलं की सगळंच दिलं असं धरतात.

सव्वानऊ: कागदावर छान आहे. पण सहा महिन्यांत क्लायंट खरंच दुसऱ्याशी जुळवून घेतो, त्याला मी जबरदस्तीने परत कसा फिरवू? नुकसान झालं तर उत्तर मला द्यावं लागतं. तारीख पाळता येईलच असं नाही, आणि रजा वाढवलीही जाते.

जुनी_फाईल: तर मग तेवढ्याच वजनाचं दुसरं काम द्या, आणि ते काय हे ती रजेवर जायच्या आधी सांगा. रजा वाढली तर तारीख बदला, पण तारीख असू दे.

सव्वानऊ: तेवढ्या वजनाचं दुसरं काम दरवेळी असतं कुठे.

बेधडक: बाप झालेल्याला कोणी विचारतं का हो, की तुमचं मन कामात लागेल ना?

जुनी_फाईल: त्यावर अमेरिकेत २००७ साली एक अभ्यास छापून आला होता. सारख्याच पात्रतेचे अर्ज, काहींवर मूल असल्याचा उल्लेख. आयांना कमी सक्षम ठरवलं आणि पगारही कमी सुचवला, बापांना असा फटका बसला नाही. सव्वानऊ, हे तुमच्यावर नाही, पण मन मागे येतं ते कुठून येतं ते बघा एकदा.

सव्वानऊ: बघतो. पण माझं मन मागे आलं ते उशिरा कळल्यामुळे, मूल होतं म्हणून नाही, ह्यावर मी ठाम आहे.

निवांत: अच्छा म्हणजे ह्या सोडत नाहीयेत. मग माझं वरचं रद्द समजा.

अधलीमधली: मेल टाकला काल, प्लॅनसकट. उत्तर आलंय, "छान, गुरुवारी बोलू." लीड हा शब्द त्यात नाही.

जुनी_फाईल: मग गुरुवारी बोलणं झालं की जे ठरेल ते त्याच मेलला उत्तर म्हणून लिही, नवीन मेल काढू नकोस.

परत_आलेली: आणि सीसीवर लक्ष ठेव गं.