मदत हवी आहे: निकालावरून प्रश्न बनवला, आता दोन पर्याय बरोबर निघताहेत

महालवाला
जेएमएफसीच्या सराव चाचणीसाठी प्रश्न काढतोय. प्यारेलाल भार्गव निकालावरचा एक प्रश्न तपासणाऱ्या मॅडमनी परत पाठवला. शेरा एवढाच: '२ पण बरोबर.' निकाल चोरीचा आहे, मग २ बरोबर कसा? उद्या सकाळी पेपर छापायला जातो. पटकन सांगा.

काळा_कोट_नागपूर
२ म्हणजे काय ते आम्हाला स्वप्नात दिसणार का? प्रश्न टाका.

सीताबर्डी_एक्सप्रेस
भाऊ, निकालांची नावं पाठ करायला मी वहीत तक्ता करतो. डावीकडे नाव, उजवीकडे कलम. रोज झोपायच्या आधी वाचायचं. पाहिजे तर फोटो टाकतो.

महालवाला
पाठांतर विचारलं नाही. हा घ्या प्रश्न:

'अ' हा सरकारी खात्यातील कर्मचारी आहे. त्याने कार्यालयातील फाईल घरी नेली, मित्राला तिच्यातील कागद बदलू दिला व दुसऱ्या दिवशी फाईल जागेवर ठेवली. 'अ' ने कोणता गुन्हा केला?
१) चोरी
२) लोकसेवकाने केलेला फौजदारीपात्र न्यासभंग
३) फौजदारीपात्र अपहार
४) कोणताही नाही, कारण फाईल परत केली

धरमपेठ_काकू
मॅडमचं बरोबर आहे. निकालातली जी गोष्ट २ ला मारते, तीच तुमच्या प्रश्नातून गळली आहे.

प्यारेलाल अलवरला मुख्य अभियंत्याच्या कार्यालयात अधीक्षक होता. डिसेंबर १९४८ मध्ये मित्राच्या सांगण्यावरून त्याने एका कारकुनामार्फत सचिवालयातली फाईल मिळवली आणि घरी नेली. मित्राने तिच्यातले कागद बदलले, दुसऱ्या दिवशी फाईल परत गेली. सर्वोच्च न्यायालयात बचाव असा होता की फाईल माझ्याच कब्जात होती, मग मी ती कोणाच्या कब्जातून काढली? न्यायालय म्हणालं, खातं मुख्य अभियंत्याच्या अखत्यारीत, तू तिथला एक अधिकारी, तेवढ्याने फाईल कायद्याने तुझ्या कब्जात येत नाही. चोरी उभी आहे ती या वाक्यावर.

तुमच्या प्रश्नात फक्त 'कार्यालयातील फाईल'. ती कोणाच्या ताब्यात होती? 'अ' च्याच टेबलावर, त्याच्याकडे सोपवलेली असेल तर न्यासभंग म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही चूक ठरवणार कसं? उत्तरतालिकेवर पहिली हरकत तिथेच येईल.

काळा_कोट_नागपूर
काकूंशी सहमत नाही. सरकारी नोकर आणि सरकारी फाईल म्हटलं की न्यासभंगच आधी सुचतो. २ काढून टाका, दरोडा घाला. वाद मिटला.

धरमपेठ_काकू
दरोड्याला पाच माणसं लागतात, इथे एक आहे. तो पर्याय न वाचताच मुलं सोडून देतील आणि प्रश्न तीन पर्यायांचा होईल. उलट २ सगळ्यात कामाचा आहे, कारण अर्धवट अभ्यास केलेला मुलगा तिथेच जातो. पर्याय ठेवा, वस्तुस्थिती भरा.

माझी पद्धत सांगते. प्रत्येक चुकीचा पर्याय थोड्या वेगळ्या हकिकतीत बरोबर उत्तर असला पाहिजे. फाईल 'अ' वर सोपवलेली असती तर २. ती त्याला वाटेत सापडली असती आणि नंतर नियत फिरली असती तर ३. मग प्रश्नात असं एकेक वाक्य हवं की ज्याने २ आणि ३ मरतात. 'मुख्य अभियंत्याच्या ताब्यातील फाईल कारकुनामार्फत, परवानगी न घेता मिळवली' एवढ्याने दोन्ही गेले.

विदर्भ_विद्यार्थी
पण ४ पण बरोबर होऊ शकतो ना? कलम ३७८ मध्ये मित्राच्या ग्रंथालयातलं पुस्तक वाचायला नेण्याचं उदाहरण आहे. परत द्यायचा हेतू होता म्हणून ती चोरी नाही. इथेही परतच केली की.

धरमपेठ_काकू
उदाहरण बरोबर पकडलंस, कारण चुकीचं. तिथे सुटका परत देण्यामुळे होत नाही. मित्राची गर्भित संमती आहे असं नेणाऱ्याला वाटलं असणं संभाव्य आहे, म्हणून होते. त्याच यादीत वस्तू उचलून बक्षीस मिळेपर्यंत ठेवून घेणारा आहे, त्यालाही परतच द्यायची आहे, तरी ती चोरी. कायमचं हिरावण्याचा हेतू इंग्लंडच्या कायद्याला लागतो, आपल्याला नाही. इथे खात्याचं तात्पुरतं नुकसान झालं, तीही गैरहानीच. प्यारेलालचा निकाल शिकवतात तो याचसाठी.

तू ज्या वाटेने ४ वर गेलास, त्याच वाटेने शेकडो मुलं जातील. म्हणून महालवाले, ४ मध्ये 'परत केली' लिहू नका, 'कायमची ठेवण्याचा हेतू नव्हता' लिहा. गैरसमज जसा डोक्यात असतो तसाच पर्यायात उतरला पाहिजे.

काळा_कोट_नागपूर
बरं, एक मान्य. पण तुमच्या ४ मध्येच तेवढं 'कारण' आहे, बाकी तिघांत नुसती गुन्ह्यांची नावं. वेगळा दिसणारा पर्याय मुलं आधी हेरतात. चौघांनाही कारण लावा.

महालवाला
लावलं. बघा:

'अ' ने मुख्य अभियंत्याच्या ताब्यातील फाईल, परवानगी न घेता, एका कारकुनामार्फत मिळवून घरी नेली. मित्राला तिच्यातील कागद बदलू दिला व दुसऱ्या दिवशी ती परत केली. फाईल नेण्याच्या कृत्याबाबत सर्वांत योग्य विधान कोणते?
१) चोरी, कारण खात्याच्या कब्जातून फाईल अप्रामाणिकपणे, तात्पुरती का होईना, हलवली गेली
२) न्यासभंग, कारण कर्मचारी म्हणून फाईल त्याच्यावर सोपवलेली होती
३) अपहार, कारण फाईल हाती आल्यावर त्याचा हेतू बदलला
४) गुन्हा नाही, कारण कायमची ठेवण्याचा हेतू नव्हता

धरमपेठ_काकू
'नेण्याच्या कृत्याबाबत' हे छान घातलं, नाहीतर कोणी कागद बदलण्याचा गुन्हा उकरून काढला असता. फक्त १ सगळ्यात लांब झालाय. 'तात्पुरती का होईना' काढा. उत्तराचा गाभा तुम्ही आयता हातात देताय, मग ४ कडे जाणार कोण?

सीताबर्डी_एक्सप्रेस
लांब उत्तर तेच बरोबर, हे तर आम्ही क्लासमध्ये पहिल्या दिवशीच शिकून राहिलो होतो. काहून बिघडवता 😀

विदर्भ_विद्यार्थी
कलम कोणतं लिहायचं? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. चोरी कलम ३०३.

महालवाला
कलम पर्यायात नाहीच. निकाल भारतीय दंड संहितेवरचा, व्याख्या तीच राहिली.

काळा_कोट_नागपूर
व्याख्या तीच, शिक्षा नाही. ३०३ मध्ये मालाची किंमत पाच हजारांच्या आत, पहिलाच गुन्हा आणि माल परत केला तर समाजसेवेची शिक्षा आहे. तुमच्या 'अ' ने फाईल परत केली आहे. आता ती जुनी फाईल कितीची समजायची?

धरमपेठ_काकू
प्रश्न गुन्ह्याचा आहे, शिक्षेचा नाही.

काळा_कोट_नागपूर
तरी सांगा ना. कागदाची किंमत धरायची की खात्याला तिचं जे मोल आहे ते?

महालवाला
त्यावर वेगळा धागा काढा. १ मधले शब्द काढले, २ आणि ४ ची जागा बदलली, मॅडमना पाठवला. आता पुढचा प्रश्न: कबुलीजबाब. याच निकालात तोही मुद्दा आहे, वरिष्ठांनी 'खरं सांग, नाहीतर पोलिसांकडे देतो' म्हटल्यावर दिलेला. तिथे कोणती वस्तुस्थिती ठेवू, कोणती काढू?

सीताबर्डी_एक्सप्रेस
तक्त्याचा फोटो टाकू का मग?