हबमध्ये अडकलेलं पार्सल: तक्रार वर नेताना

> ट्रॅकिंग हबवरच थांबलंय. कस्टमर केअर नुसतं 'वाट बघा' म्हणतं. वर काय लिहू?

ईमेलच्या विषयातच ट्रॅकिंग नंबर टाका. शेवटच्या स्कॅनची तारीख, वेळ, हबचं नाव जसंच्या तसं लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा. हबमध्ये आल्याचा स्कॅन आहे, निघाल्याचा नाही, म्हणजे पार्सल त्यांच्याच ताब्यात होतं, हे ठणकावून सांगा.

'योग्य ती भरपाई' असलं मोघम नको. बिलातली किंमत अधिक कुरिअर शुल्क, असा एकच आकडा आणि मुदतीची तारीख द्या. ते बहुधा पावतीमागची भरपाई-मर्यादा पुढे करतील. बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर केली असेल किंवा विमा घेतला असेल, तर तो कागद आधीच जोडा. नुसतं शुल्क परत घेऊन 'पूर्ण व अंतिम' भरपाईवर मात्र सही करू नका.