मदत हवी आहे: ग्लाइटझाइटचे जमा तास पोर्टलवर कमी का दिसतात? हिशेब कसा ठेवावा?

नेकरकाठ:
नमस्कार मंडळी. मी स्टुटगार्टजवळ एका मध्यम आकाराच्या कंपनीत कामाला आहे. करार आठवड्याला ४० तासांचा, म्हणजे रोजचे ८. ग्लाइटझाइट, म्हणजे लवचिक वेळ: सकाळी ६:३० ते रात्री ८ या चौकटीत कधीही काम करा, पण १० ते ३ हजर राहावंच लागतं. जास्तीचे तास खात्यात जमा होतात आणि महिनाअखेरीस ४० च्या वरचे कापले जातात. उणे १० पर्यंत चालतं. जमा तासांतून महिन्याला जास्तीत जास्त दोन पूर्ण दिवस सुट्टी घेता येते.

डिसेंबरच्या सुरुवातीला साताऱ्याला जायचं आहे, म्हणून मी तास साठवतोय. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिल्लक ३४:३० होती. माझ्या वहीप्रमाणे महिन्यात ९:१० जास्त झाले, म्हणजे ४३:४० व्हायला हवे होते. पोर्टलवर कापण्याआधीचा आकडा ४१,४२ आणि कापल्यानंतरचा ४०,०० दिसतो. ४० च्या वरचे गेले, ते नियमातच आहे. पण त्याआधीचे दोन तास कुठे गेले?

शिवाय स्वतःचा तक्ता नीट कसा मांडावा? एक्सेलमध्ये केला तर ३७:२० ऐवजी १३:२० दिसतं आणि उणे आलं की नुसते ##### येतात.

हिंजवडीकर:
आमच्याकडे पण फ्लेक्सी आहे. आठवड्याची स्वाइपची सरासरी ९ तास यावी लागते, नाहीतर अर्धा दिवस रजा लागते. तुमच्या शिल्लक रजेचे पैसे वर्षाअखेरीस मिळत नाहीत का? एचआरला मेल टाका, आमच्याकडे मिळतात.

नेकरकाठ:
धन्यवाद, पण ही रजा नाही. वार्षिक रजेचे ३० दिवस वेगळे आहेत, त्यांना हात लागलेला नाही. हे रोज थोडं जास्त बसून साठवलेले तास आहेत.

मेघनाताई_म्युनिक:
आमच्या कंपनीच्या बेट्रीब्सराटवर, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधी मंडळावर, मी बरीच वर्षं आहे, असले हिशेब नेहमी समोर येतात. पहिली गोष्ट, ४१,४२ मध्ये स्वल्पविराम आहे, म्हणजे ते दशांशात आहे. ४१ तास ४२ मिनिटं नव्हे, ४१ तास २५ मिनिटं. तुमचा फरक २:१५ चा आहे. ८ पेक्षा खूप जास्त बसलात ते दिवस आणि खूप लवकर आलात ते दिवस, येण्याजाण्याच्या वेळांसकट इथे टाका. ब्रेक किती धरलात तेही.

नेकरकाठ:
३ आणि २४ तारखेला ८ ते ६. १६ तारखेला डिलिव्हरी होती, ८ ते ७:४५. ९ तारखेला पुण्याच्या टीमबरोबर कॉल होता, त्यांच्याकडचे साडेनऊ म्हणून मी ६ वाजता आलो आणि ३ ला निघालो. ब्रेक रोज अर्धा तास धरलाय.

मेघनाताई_म्युनिक:
मग सापडलं. इथल्या कायद्याने ६ तासांच्या वर काम झालं की ३० मिनिटं ब्रेक लागतो आणि ९ च्या वर गेलं की ४५. बहुतेक पोर्टल तो आपोआप वजा करतात. ३, १६ आणि २४ या तिन्ही दिवशी तुमचं काम ९ च्या वर गेलं, म्हणून १५ मिनिटांप्रमाणे पाऊण तास गेला.

१६ तारखेला हजेरी ११:४५, ब्रेक काढून ११ तास. पोर्टलने १० धरले, कारण दिवसाला १० तासांची कायदेशीर मर्यादा त्यात बसवलेली असणार. एक तास गेला. ९ तारखेला चौकट ६:३० ला उघडते, म्हणून पहिला अर्धा तास मोजलाच नाही. ०:४५, १:०० आणि ०:३० मिळून बरोबर २:१५.

यातला ब्रेकचा पाऊण तास सोडून द्या, खरंच ब्रेक घेतला असेल तर. बाकीचा दीड तास मात्र मी सोडला नसता. कॉल बॉसने लावला होता ना? मग तो तुमच्या मर्जीने साठवलेला वेळ नाही, दुरुस्तीचा अर्ज भरून बॉसची सही घ्या. १६ तारखेचंही तसंच. १० च्या वर काम करून घेणं हा कंपनीचा नियमभंग आहे, पण म्हणून केलेलं काम झालंच नाही असं होत नाही.

कोल्न_कोल्हापूर:
मेघनाताईंशी सहमत, पण एक सांगतो. साठवलेल्या तासांची भीती बाळगू नका. त्या सुट्टीच्या दिवशी आजारी पडलात तर डॉक्टरचा कागद द्या, तास परत खात्यात येतात. वार्षिक रजेसारखंच. माझे परत आलेत.

मेघनाताई_म्युनिक:
तुम्ही नगरपालिकेत आहात ना? तुमच्या करारात तशी तरतूद असेल, पण ती सगळीकडे नसते. वार्षिक रजेत आजारपण आलं तर ते दिवस परत मिळतात, हे कायद्यात आहे. जमा तासांच्या सुट्टीत आजारी पडलात, तर सर्वसाधारणपणे ते तास गेले, कंपनीच्या करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून प्रवासाआधी तो कागद वाचा. साध्या कामाच्या दिवशी आजारी पडलात तर त्या दिवसाचे ८ तास धरले जातात, शिल्लक तीच राहते.

कोल्न_कोल्हापूर:
हो, नगरपालिकेतच. हे माहीत नव्हतं, मला वाटलं सगळ्यांनाच लागू आहे.

आकडेमोड:
तक्त्याचं मी सांगतो. १३:२० दिसतं कारण साध्या फॉरमॅटमध्ये २४ तास झाले की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. फॉरमॅट `[h]:mm` केलात तर ३७:२० दिसेल. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये एक्सेलला उणे वेळ दाखवता येत नाही, म्हणून मी सगळं मिनिटांतच ठेवतो. B आल्याची वेळ, C गेल्याची, D ब्रेकची मिनिटं.

```
E2: =ROUND((C2-B2)*1440,0)-D2
F2: =MIN(600,ROUND((MIN(C2,TIME(20,0,0))-MAX(B2,TIME(6,30,0)))*1440,0)-D2)
G2: =F2-480
```

E म्हणजे खरं काम, F म्हणजे पोर्टल मोजेल तेवढं, G म्हणजे त्या दिवसाची जमा किंवा तूट. E आणि F मध्ये फरक पडला की त्याच दिवशी कळतं, महिनाअखेरची वाट बघावी लागत नाही. D मात्र हाताने भरा, ९ च्या वर गेलात की ४५. सुट्टी आणि आजारपणाच्या दिवशी G मध्ये थेट 0, जमा तासांच्या सुट्टीला -480. महिन्याच्या शेवटी, J1 मध्ये मागची शिल्लक धरून:

```
=MIN(2400,J1+SUM(G2:G32))
```

हे दर महिन्याला वेगळ्या शीटवर करा. सगळं वर्ष एका रकान्यात बेरजेला लावलं तर मधल्या महिन्यांत कापले गेलेले तास पुन्हा जिवंत होतात आणि शिल्लक फुगलेली दिसते.

मेघनाताई_म्युनिक:
आणि ४० ला टेकून बसू नका. आता जे जास्त बसाल ते सगळं कापलंच जाणार आहे. नोव्हेंबरचे शेवटचे दोन कामाचे दिवस आणि डिसेंबरचे पहिले दोन असे मागा. महिन्याला दोनची मर्यादा पाळून सलग चार दिवस मिळतात आणि ३२ तास वापरले जातात. काही कंपन्यांत सलग किती दिवस घेता येतात यावर वेगळी अट असते, तेवढं बघा.

नेकरकाठ:
आमच्या करारात सलग दिवसांबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून चारही दिवसांचा अर्ज आजच टाकला. ९ तारखेच्या अर्ध्या तासावर बॉसने लगेच सही केली. १६ तारखेच्या तासाबद्दल एचआर म्हणतं की सिस्टीममध्ये १० च्या वर आकडा भरताच येत नाही. आणि दुसरा प्रश्न असा की दुरुस्ती झाली तरी सप्टेंबरअखेर खातं ४० लाच अडतं, मग हा दीड तास पुन्हा कापलाच जाणार का?

मेघनाताई_म्युनिक:
बॉसने सांगितलेलं काम म्हणून ते ओव्हरटाइमच्या खात्यात टाकायला सांगा, त्याला सहसा ही ४० ची मर्यादा नसते. तुमच्याकडे असं वेगळं खातं आहे की नाही हे तुमच्या बेट्रीब्सराटलाच विचारावं लागेल. १६ तारखेच्या आल्यागेल्याच्या नोंदीचा प्रिंट आधी काढून ठेवा.

नेकरकाठ:
प्रिंट काढला. त्यांची भेट गुरुवारी आहे, काय म्हणतात ते इथे लिहितो.