ताईच्या रिसेप्शनचा व्हिडिओ (ताई नसलेल्या ग्रुपवर)

अमोल (टोरांटो): ताई या ग्रुपवर नाही, म्हणून इथेच टाकतोय. वर्क परमिटचं नूतनीकरण अडकलंय, आत्ता निघालो तर परत शिरता येईल याची खात्री नाही. म्हणून रिसेप्शनला माझा व्हिडिओ लावूया. काय बोलायचं ते वर पीडीएफमध्ये आहे. आत्या, तू वाचच.

सुनंदाआत्या: घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं. साडेचार मिनिटं लागली. रिसेप्शनला लोक हातात ताट घेऊन उभे असतात रे, दोन मिनिटांवर ऐकत नाहीत. सावकाश बोललास तर मिनिटाला सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तुझ्याकडे जेमतेम अडीचशे. त्यात पहिलं अख्खं पान येता न आल्याचं दुःख आहे. खरं आहे ते, पण ताई तिथे मेकअप करून स्टेजवर बसलेली असेल. तिला रडवू नकोस. त्याला एक वाक्य दे.

आई: मला ते पान आवडलं होतं. पण आत्या म्हणते ते बरोबर आहे. ते मला वेगळं बोलून पाठव.

सुनंदाआत्या: कमाटी बाग, पतंग, भांडणं, गच्चीवरची रात्र, सगळं एकेका ओळीत उरकलंयस. त्यातून केतनला ताई कळत नाही. दहावीच्या परीक्षेचा प्रसंग तेवढा ठेव आणि नीट सांग. आणखी एक. "आज मुहूर्तावर अक्षता पडल्या तेव्हा" असं लिहू नकोस. तू बोलणार आठ दिवस आधी, लोक बघणार नंतर. मुहूर्त पुढेमागे झाला तर ते खोटं वाटेल.

अमोल: कान पिळायचं ठेवू ना?

सुनंदाआत्या: ठेव, पण समजावून. केतनकडचे गुजराती आहेत. लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि नवऱ्याचा कान पिळून भेट मागतो, हे त्यांच्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. नुसतं "कान पिळीन" म्हटलंस तर वयस्कर मंडळींना धमकी वाटेल. त्यांच्याकडे पोंखताना सासू जावयाचं नाक धरायला बघते, त्याच्याशी जोड. लगेच कळेल.

चिन्मय: दादा, लाह्या मी घालतो. कान तुझ्यासाठी सोडतो. गुरुजींना आधीच सांगून ठेवीन.

बाबा: चांगलं केलंस चिन्मय.

चिन्मय: आता व्हिडिओचं. फोन आडवा धर, हॉलचा पडदा आडवा आहे. उभ्या व्हिडिओत तू मधल्या पट्टीत बारीक दिसशील. खिडकी तुझ्यासमोर हवी, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून पडदे-गादी असलेल्या खोलीत बस आणि फोन हातभर अंतरावर ठेव. मागच्या वर्षी एका लग्नात चित्र सुंदर होतं, पण आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला, मागच्या रांगांना काहीच कळलं नाही. लॅपटॉपची वायर साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडून दुपारीच ऐकून बघेन. आणि व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नकोस, दाबून धूसर होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा ड्राइव्हची लिंक दे.

मामी: थेट व्हिडिओ कॉलच का नको? रात्री आठला तिकडे सकाळचे साडेनऊ.

चिन्मय: हॉलमध्ये नेट भरवशाचं नाही. आधी व्हिडिओ, मग जमलं तर कॉल.

अमोल: नवीन मजकूर:

"नमस्कार. मी अमोल, नवरीचा धाकटा भाऊ. परमिटच्या कामामुळे येता आलं नाही. केतनभाई, तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. माझ्या दहावीच्या परीक्षेत बाबा दवाखान्यात होते. ताई रोज मला स्कूटरवर रावपुऱ्यातल्या केंद्रावर सोडायची आणि पेपर संपेपर्यंत फाटकाबाहेर थांबायची. पेपर कसा गेला, हे तिनं एकदाही विचारलं नाही. आधी सेव-उसळ, मग घर. तुमचा दिवस वाईट गेला तर तुम्हालाही ती काही विचारणार नाही, आधी खायला घालेल. तेव्हा तुम्ही आपणहून सांगा. वेवाईमंडळी, तुमच्याकडे सासू जावयाचं नाक धरते, आमच्याकडे मेहुणा कान पिळतो आणि भेट घेतो. लाह्यांचा मान मी चिन्मयला दिला, कान माझ्यासाठी राखून ठेवलाय. आलो की पिळणार. ताई, तू थांबायचीस म्हणून मला पेपरची भीती वाटली नाही. केतनभाई, ताई, तमे बन्ने खूब सुखी रहो."

सुनंदाआत्या: हे छान झालंय. दीड मिनिटाच्या आत बसतंय. "खायला घालेल"नंतर जरा थांब, लोक हसतील आणि "आपणहून सांगा" बुडेल.

आई: ती थांबायची ते मला आजवर माहीतच नव्हतं. मला वाटायचं सोडून घरी येते.

बाबा: मला माहीत होतं. दवाखान्यात फोन करायची तिथून.

अमोल: बाबा, हे मलाही माहीत नव्हतं. घालू का?

बाबा: नको. ते मी स्टेजवर सांगेन.

चिन्मय: मग काका, तुमच्यासाठी माइक सांगून ठेवतो. दादा, रविवारपर्यंत फाइल दे.