मदत हवी आहे: एकच चेक दोनदा परत आला, खात्यात पैसे असताना

कर्वेनगरचा_भाडेकरू
जुन्या घराच्या डिपॉझिटचा ८५,००० चा चेक मालकांनी दिला. भरला, परत आला. त्यांनी दुरुस्त करून दिला, पुन्हा भरला, पुन्हा परत. खात्यात पैसे आहेत, पासबुक स्वतः पाहिलंय. नव्या घराचं डिपॉझिट याच आठवड्यात द्यायचंय. काय करू?

पेठेतला
रिटर्न मेमोवर काय लिहिलंय? "परत आला" एवढ्यावर ज्योतिषी सांगेल, आम्ही नाही.

वकिलाचा_भाचा
सरळ कलम १३८ ची, चेक न वटल्याची नोटीस ठोका. मेमो मिळाल्यापासून ३० दिवस असतात. म्हातारे मालक असेच टोलवतात.

कर्वेनगरचा_भाडेकरू
नोटीस कशाला, काका भले आहेत. पहिला मेमो 'इन्स्ट्रुमेंट आउटडेटेड', दुसरा 'अल्टरेशन रिक्वायर्स ड्रॉअर्स ऑथेंटिकेशन'. चेक ५ जानेवारीला माझ्यासमोर लिहिलाय, दुसऱ्या दिवशी भरला. शिळा कसा होईल?

निवृत्त_हेडकॅशियर
तारखेच्या शेवटच्या चार चौकटी वाचून सांगा. जानेवारीत हात सवयीने गेलं वर्ष लिहितो. चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो (२०१२ च्या एप्रिलआधी ६ होते). ०५-०१-२०२५ असेल तर बँकेच्या लेखी तो गेल्या एप्रिलमध्येच मेला.

कर्वेनगरचा_भाडेकरू
तेच झालं होतं! म्हणून काकांनी ५ वर ६ गिरवला आणि शेजारी सही केली. मग दुसऱ्यांदा का परत?

शिल्पा_नि
सही केली असेल तर घ्यायलाच हवा. आमच्या दुकानाचे चेक खाडाखोड + सही करून वर्षानुवर्षं पास झालेत. अधिकाऱ्याशी भांडा.

निवृत्त_हेडकॅशियर
शिल्पाताई, ते दिवस गेले. आता चेक बँकेतून बँकेत जात नाही, त्याचं चित्र जातं. पलीकडच्या माणसाला पडद्यावर ५ आणि ६ चा एक काळा गोळा दिसतो. शाई कुणाची, कधीची, हे त्याला कळत नाही. त्यामुळे डिसेंबर २०१० पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: क्लिअरिंगला जाणाऱ्या चेकवर नाव, अंकी रक्कम, अक्षरी रक्कम यात दुरुस्ती नको, नवा चेक लिहा. काउंटरवर रोख काढायच्या चेकला हा नियम नाही, तुमचे बहुधा तसे असतील.

शिल्पा_नि
हो, बरेचसे रोखीचेच. पण तुमच्या यादीत तारीख नाहीये!

निवृत्त_हेडकॅशियर
बरोबर पकडलंत. तारखेची मुदत वाढवायला सूट आहे. मग सही कशी केली होती? पूर्ण, की नुसती आद्याक्षरं?

कर्वेनगरचा_भाडेकरू
आद्याक्षरं. दोन.

निवृत्त_हेडकॅशियर
बँकेकडच्या नमुन्यात पूर्ण सही, इथे दोन अक्षरं आणि आकडा गिरवलेला. मेमो तेच म्हणतोय. जुनी तारीख आडवी खोडून, वर नवी लिहून, पूर्ण सही केली असती तर कदाचित गेला असता. पण 'कदाचित'च. मी असे चेक पास होताना पाहिलेत आणि परत जातानाही.

पेठेतला
जीपे, एनईएफटी नाही का जमत? २०२६ उजाडलं!

कर्वेनगरचा_भाडेकरू
काका ७८ चे, मुलीकडे इंदूरला गेलेत, मार्चपर्यंत. ऑनलाइन काही वापरत नाहीत. चेकबुक सोबत आहे, पण एकच पान उरलंय म्हणाले.

पेठेतला
हे आधी सांगायचं!

मोगरा
आमच्या सोसायटीच्या रंगाऱ्याला ४२ हजार द्यायचे होते. खजिनदारांनी अक्षरात 'बेचाळीस' लिहिलं आणि अंकात २४,०००. मराठीत आपण आधी दोन म्हणतो ना, हात तसाच चालला. चेक परत. रंगारी महिनाभर बोलला नाही.

वकिलाचा_भाचा
बँकेची चूक. कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कमच खरी धरतात.

निवृत्त_हेडकॅशियर
कोर्टात तुम्ही बरोबर. क्लिअरिंगमध्ये मात्र 'रकमेत फरक' म्हणून परतच करतात, कलम १८ वाचत बसायला वेळ कुणाला? आणि १३८ प्रामुख्याने पैसे नसताना लागतं, वर्ष चुकलं म्हणून काकांना घाबरवू नका.
भाडेकरू, शेवटचं पान आहे म्हणून: काकांना आधी कोऱ्या कागदावर तारीख, तुमचं नाव, 'पंच्याऐंशी हजार फक्त' आणि ८५,०००/- लिहायला सांगा. मग त्यावरून चेकवर उतरवू दे. कुरिअर करण्याआधी फोटो मागवा. आकडा चुकला तरी गिरवायचा नाही. रक्कम ५०,००० च्या वर आहे, तर त्यांच्या बँकेत पॉझिटिव्ह पे, म्हणजे चेकचा तपशील बँकेला आधीच कळवणं, लागतं का तेही मुलीला विचारायला सांगा. तिथे दिलेला तपशील चेकशी जुळला पाहिजे.

शिल्पा_नि
मी तर चेकवर शके तारीख लिहिते. चालते.

निवृत्त_हेडकॅशियर
चालते, पण राष्ट्रीय दिनदर्शिकेची. ५ जानेवारी म्हणजे १५ पौष १९४७. काकांना यात नका घालू.

कर्वेनगरचा_भाडेकरू
फोटो आला! तारीख बरोबर, रक्कम बरोबर. कुरिअर उद्या निघतंय. पण दोन्ही वेळचा रिटर्न चार्ज माझ्या खात्यातून कापलाय. चूक काकांची, भुर्दंड मला का?

वकिलाचा_भाचा
आता तरी नोटीस.