प्रीपोन, ब्रिंग फॉरवर्ड की मूव्ह अप? परदेशी पाहुण्यांना काय लिहायचं

तारकर्लीची वहिनी
आमचं तारकर्लीला होमस्टे आहे. परवाची डॉल्फिन बघायची बोट सकाळी १० ची ठरली होती, पण बोटवाले म्हणतायत की ऊन चढलं की वारा उठतो आणि पाण्यावर लाटा आल्या की डॉल्फिनची पाठ दिसतच नाही, म्हणून ७:३० लाच निघूया. खोल्यांमध्ये पुण्याचं एक कुटुंब, इंग्लंडचं एक जोडपं आणि दोघी अमेरिकन मुली आहेत. मी इंग्रजीत मेसेज लिहिलाय, "बोट ट्रिप इज प्रीपोन्ड बाय टू अँड अ हाफ अवर्स, काइंडली रिव्हर्ट". पुतणी म्हणते हे त्यांना कळणार नाही. खरंच? आणि मग काय लिहू?

देवगडचा बापू
पुतणी बरोबर बोलतेय. प्रीपोन हा शब्दच नाही मुळात, आपल्याकडे कोणीतरी पोस्टपोनवरून उलटा बनवला आणि तो चालला. कुठल्या डिक्शनरीत मिळायचा नाही. सरळ "मूव्ह्ड फॉरवर्ड" लिहा, सगळ्या जगाला कळतं.

रत्नागिरीचे जोशी सर
बापू, पोस्टपोनला जोड म्हणून तो तयार झाला हे खरं, पण डिक्शनरीत नाही हे बरोबर नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आहे, आणि 'आधीच्या वेळेवर आणणे' या अर्थाचा तिथला जुना दाखला १९१३ चा आहे, तोही न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापलेल्या एका पत्रातला. म्हणजे शब्द अमेरिकेतही कोणाला तरी सुचला होता, तिथे रुजला नाही, आपल्याकडे रुजला. चुकीचा नाही, पण लीड्सच्या माणसाने तो आयुष्यात ऐकलेला नसू शकतो, आणि प्रश्न तेवढाच आहे.

आता "मूव्ह्ड फॉरवर्ड". हा प्रीपोनपेक्षा धोक्याचा आहे, कारण प्रीपोन कळला नाही तर माणूस विचारतो, फॉरवर्ड मात्र कळला असं वाटतं आणि उलटं कळतं. २००२ साली लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्स्कर या संशोधकांचं काम छापून आलं. त्यात इंग्रजी बोलणाऱ्यांनाच विचारलं होतं की बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड सरकवली, तर ती आता कधी आहे? कोणी सोमवार म्हणे, कोणी शुक्रवार. विमानतळावरही विचारलं, तेव्हा नुकतेच उतरलेले प्रवासी शुक्रवारकडे जास्त झुकले, जे कोणाला घ्यायला नुसते थांबले होते ते कमी. स्वतः पुढे चालत गेल्यासारखं वाटत असेल तर फॉरवर्ड म्हणजे नंतर, आणि काळ आपल्याकडे चालत येतोय असं वाटत असेल तर फॉरवर्ड म्हणजे आधी.

तारकर्लीची वहिनी
अहो सर मग आपण मराठीत 'लग्न पुढे ढकललं' म्हणतो ते?

रत्नागिरीचे जोशी सर
तेच सांगणार होतो. मराठीत त्यात घोळच नाही. पुढे ढकललं म्हणजे नंतर, अलीकडे आणलं म्हणजे आधी. म्हणून इंग्रज माणूस "वी हॅव ब्रॉट इट फॉरवर्ड" म्हणाला की आपल्या डोक्यात आपोआप 'पुढे नेलं' उमटतं, आणि त्याला म्हणायचं असतं अलीकडे आणलं. "पुश्ड बॅक" ऐकलं की आपल्याला मागे घेतलं, म्हणजे आधी किंवा रद्दच झालं असं वाटतं, आणि तो म्हणत असतो पुढे ढकललं.

मालवणचो तात्या
आमच्या मालवणीत 'फुडे ढकलला' म्हटला की नंतरच, तेतूर काय संशय नाय. म्हणान सांगतंय, पावण्याक मालवणीच शिकवा.

दापोलीची सुनीता
माझा मुलगा बर्मिंगहॅमला असतो, तो मार्चअखेर सांगतो की घड्याळं फॉरवर्ड झाली आणि मग आपल्यातला फरक साडेपाच तासांचा साडेचार होतो. म्हणजे फॉरवर्ड म्हणजे तास वाढवायचाच ना? मग बोट १० ऐवजी १२:३० ला, असंच कोणीही समजेल. मला तर त्या बदलात कायम त्याच्या झोपेच्या वेळेला फोन जातो.

रत्नागिरीचे जोशी सर
सुनीताताई, घड्याळाचं तसंच आहे, काटा फॉरवर्ड नेला की आकडा वाढतो. आणि त्याच देशात मीटिंग "ब्रॉट फॉरवर्ड" झाली की आकडा कमी होतो. दोन्ही बरोबर, म्हणून तर परक्या माणसाने यात पडू नये.

चिपळूणचा आयटीवाला
आमच्या अमेरिकन क्लायंटकडे "मूव्ह अप" चालतं, मीटिंग मूव्ह अप केली म्हणजे आधी, कोणालाच शंका येत नाही, मी रोज वापरतो.

रत्नागिरीचे जोशी सर
अमेरिकन मुलींसाठी चालेल. इंग्लंडच्या जोडप्यासाठी "ब्रॉट फॉरवर्ड" हाच सवयीचा. पण वहिनींना एकच मेसेज सगळ्यांना पाठवायचाय, म्हणून दिशा दाखवणारा शब्दच नको. "अर्लियर" घाला, त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. आणि "अडीच तासांनी" असा फरक न सांगता नवी वेळ लिहा, जुनी वेळ शेजारी ठेवा, वार आणि तारीख घाला. एखादा शब्द निसटला तरी वेळ हातात राहते.

तारकर्लीची वहिनी
म्हणजे असं? "द बोट विल लीव्ह अर्लियर ऑन सॅटर्डे, ॲट ७:३० ए एम इन्स्टेड ऑफ १० ए एम, बिकॉज द सी इज काल्मर देन". आणि खाली काइंडली रिव्हर्ट ठेवते.

रत्नागिरीचे जोशी सर
वरचं छान झालं, कारण सांगितलंत तेही बरं, आता बोट नंतर सुटेल असं कोणी समजूच शकत नाही. पण रिव्हर्ट काढा. आपण तो 'उत्तर द्या' म्हणून वापरतो, तिकडे बहुतेकांना त्याचा अर्थ 'पूर्वीच्या स्थितीला परत जा' असाच माहीत असतो. वेळ बदलल्याच्या मेसेजखाली तो आला तर वाचणाऱ्याला वाटेल पुन्हा १० वर नेलं की काय. "प्लीज लेट मी नो इफ धिस वर्क्स फॉर यू" लिहा. काइंडलीही तिथे जरा नोटीस लावल्यासारखं वाटतं, प्लीज पुरे.

देवगडचा बापू
डिक्शनरीचं मान्य. पण मग पुण्याच्या कुटुंबाला पण हेच पाठवायचं? त्यांना प्रीपोन लगेच कळेल की, आणि ते सुटसुटीतही आहे.

चिपळूणचा आयटीवाला
पुणेकरांना मराठीत पाठवा ना, 'बोट अलीकडे घेतलीय, ७:३० ला'. इंग्रजी कशाला.

दापोलीची सुनीता
मला प्रीपोन आवडतो. एका शब्दात काम होतं, इंग्रजांकडे तसा शब्दच नाही तर त्यांनी आपला घ्यावा, आपणच का बदलायचं.

रत्नागिरीचे जोशी सर
घरात, ऑफिसात, आपसात जरूर वापरा, मीही वापरतो. पाहुणा जेटीवर वेळेत यायला हवा असेल तिथे नको, एवढंच माझं मत. बापूंच्या पुणेकरांबद्दल माझा आग्रह नाही.

तारकर्लीची वहिनी
पाठवला. इंग्लंडवाल्यांचं लगेच उत्तर आलं, "हाफ सेव्हन इज फाइन". आता हे काय, साडेसहाला येतायत की साडेसातला?

रत्नागिरीचे जोशी सर
साडेसातलाच. ब्रिटिश माणसाचा "हाफ सेव्हन" म्हणजे हाफ पास्ट सेव्हन. जर्मन पाहुणे आले की मात्र सांभाळा, त्यांच्या भाषेत तसंच म्हटलं की सातला अर्धा तास कमी, म्हणजे साडेसहा. तुम्ही बोलताना "सेव्हन थर्टी"च म्हणा, आणि लिहिताना आकडा.

मालवणचो तात्या
आणि बोटवाल्याक इचारल्यात काय, तो स्वता साडेसाताक येतलो मां?